भाऊबीजेचे दीड हजार शेअर

12 जून 2025 ला आमच्या कंपनीचा शेवटचा कागदी शेअर डिमॅट झाला. काम सुरू झालं होतं नोव्हेंबर 2023 मध्ये, म्हणजे एकूण एकोणीस महिने. त्यातलं खरं डिमॅटचं काम जेमतेम दोन महिन्यांचं. बाकीचे महिने गेले ते आपले भागधारक नक्की कोण आणि कुणाकडे किती शेअर, हे शोधण्यात. घरच्या कंपन्यांत काम करणाऱ्या कुणाला यापुढे हेच करायचं असेल, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

मी कोल्हापूरजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत कंपनी सेक्रेटरी आहे. ओतकाम, मशीनिंग, ट्रॅक्टरचे सुटे भाग. दहा कोटींच्या खाली भरणा भांडवल असलेल्या प्रायव्हेट कंपनीला पूर्णवेळ सीएस ठेवायची सक्ती नाही, आणि आमचं भांडवल दोन कोटी चाळीस लाख. तरी मला ठेवलं, कारण मी येण्याआधी लागोपाठ दोन वर्षं ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र उशिरा भरलं गेलं होतं. वार्षिक सभेनंतर ताळेबंदाचा फॉर्म एओसी-4 तीस दिवसांत आणि विवरणपत्राचा एमजीटी-7 साठ दिवसांत जायला हवा. चुकलं तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला शंभर रुपये, आणि त्याला वरची मर्यादा नाही. ती पावती बघून साहेबांनी माझी जागा काढली. नातेवाईक विचारतात तू तिथे नक्की करतेस काय. मी सांगते, बोर्डाच्या बैठका वेळेत होतात का, त्यात जे ठरलं ते लिहिलं जातं का आणि जे लिहिलं ते सरकारकडे पोचतं का, एवढं बघते.

27 ऑक्टोबर 2023 ला केंद्र सरकारने नियम 9-बी आणला. छोट्या कंपन्या सोडून बाकी प्रायव्हेट कंपन्यांनी आपले शेअर डिमॅट करायचे, मुदत 30 सप्टेंबर 2024. दिवाळीच्या आधी मी साहेबांसमोर कागद ठेवला. ते म्हणाले, "मॅडम, आपलं भांडवल अडीच कोटीसुद्धा नाही. आपण बारकेच की!"

हा गैरसमज बऱ्याच जणांचा झाला. त्या वेळी छोटी कंपनी ठरायला दोन्ही अटी पुऱ्या व्हायला हव्या होत्या: भांडवल चार कोटींपर्यंत आणि उलाढाल चाळीस कोटींपर्यंत. मार्च 2023 च्या ताळेबंदात आमची उलाढाल एकसष्ट कोटी. एक अट बसली, दुसरी नाही, म्हणजे आपण छोटे नाही. आणि नुसता दंडाचा प्रश्न नव्हता. प्रवर्तकांचे आणि संचालकांचे शेअर डिमॅट झाल्याशिवाय कंपनीला मुदतीनंतर नवे शेअर काढता येणार नव्हते, आणि साहेबांच्या मनात नव्या भट्टीसाठी राइट्स इश्यू, म्हणजे आहे त्याच भागधारकांना नवे शेअर देऊन पैसा उभा करणं, घोळत होतं. भट्टीचं नाव काढल्यावर होकार लगेच आला.

जानेवारी 2024 मध्ये मी कपाट उघडलं. पहिली गोष्ट जी मी बरोबर केली (बाकी पुष्कळ चुकल्या) ती ही, की रजिस्ट्रार आणि ट्रान्स्फर एजंट, म्हणजे आरटीए, शोधण्याआधी मेंबर्स रजिस्टर घेऊन बसले. डिमॅटमध्ये शेवटी होतं इतकंच: भागधारक सर्टिफिकेट देतो, आरटीए ते रजिस्टरशी ताडून पाहतो, जुळलं तर कागद रद्द होतो आणि तेवढे शेअर खात्यात जमा होतात. रजिस्टरच चुकीचं असेल तर पुढचं सगळं अडतं.

आमचं रजिस्टर हिरव्या कापडी बांधणीचं, लेजरसारखं. प्रत्येक भागधारकाला एक पान, त्यालाच फोलिओ म्हणायचं. डावीकडे आलेले शेअर, उजवीकडे गेलेले, सोबत सर्टिफिकेटचा नंबर आणि शेअरचे अनुक्रमांक. शंभर रुपयांचा एक शेअर, एकूण दोन लाख चाळीस हजार. मी चौदा फोलिओंची बेरीज केली. आली 2,38,500. कॅलक्युलेटरवर परत केली, मग एक्सेलमध्ये. तेवढीच.

दीड हजार शेअर गायब. आणि गंमत म्हणजे सरकारकडे दरवर्षी जाणाऱ्या विवरणपत्रातल्या यादीत बेरीज चोख दोन लाख चाळीस हजार होती, कारण त्या यादीत पंधरा नावं होती. ती यादी कधीकाळी टाइप झालेली, आणि दरवर्षी तारीख बदलून पुढे ढकललेली. रजिस्टर उघडून कुणी ताडून पाहिलंच नव्हतं. मी स्वतः दोन वर्षं तीच यादी पाठवली होती, हे इथेच कबूल करून टाकते.

उत्तर फोलिओ 3 मध्ये होतं. ते पान थोरल्या साहेबांचं, म्हणजे कंपनीच्या संस्थापकांचं. उजवीकडे 2003 सालची एक ओळ: सर्टिफिकेट 17, अनुक्रमांक 40,001 ते 41,500, शेअर 1,500, "फोलिओ 15 कडे". मी पान उलटत पंधरावर आले. कोरं. वर छापलेला 15 आकडा, खाली रेघा आणि कोपऱ्यात झुरळानं खाल्लेला तुकडा. त्या काळच्या कारकुनानं एका बाजूला वजा केलं आणि दुसऱ्या बाजूला जमा करायचं विसरला.

यादीतलं पंधरावं नाव आत्यांचं. थोरल्या साहेबांच्या धाकट्या बहीण, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार निपाणी.

आता नुसत्या यादीवर विसंबून मी फोलिओ 15 भरू शकत नव्हते. मालकी ठरवायला तीन गोष्टी हव्या होत्या: नीट भरलेला ट्रान्स्फर फॉर्म, तो मंजूर केल्याचा बोर्डाचा ठराव, आणि सर्टिफिकेट. ठराव मिनिट बुकात सापडला, नोव्हेंबर 2003 च्या बैठकीचा. फॉर्म शोधायला आठ दिवस गेले. तो बँकेच्या जुन्या कर्जाच्या फाइलीत होता, का ते देव जाणे. जुन्या कायद्याखालचा 7-बी नमुन्याचा फॉर्म, वर कंपनी निबंधक कार्यालयाचा तारखेचा शिक्का, आणि मोबदल्याच्या रकान्यात इंग्रजीत टाइप केलेलं "नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळा". मी मात्र आधी मागची बाजू पाहिली. शेअर ट्रान्स्फरचे स्टॅम्प चिकटवलेले होते आणि त्यांवर आडव्या रेघा मारून ते रद्द केलेले होते. जुने फॉर्म तपासताना हे जरूर पाहा. चिकटवलेला पण रद्द न केलेला स्टॅम्प कायद्याच्या दृष्टीनं लावलेलाच नसतो, आणि मग व्यवहारालाच खोट येते.

सर्टिफिकेट 17 आत्यांकडे असणार असं धरून फेब्रुवारीत आम्ही बोर्डाची बैठक घेतली. जुना ठराव आणि फॉर्म पटलावर ठेवले. थोरले साहेब 2011 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या वारसांकडून या दीड हजार शेअरवर आमचा हक्क नाही असं लेखी घेतलं. मग फोलिओ 15 वर नोंद केली. शेऱ्याच्या रकान्यात 2003 च्या ठरावाचा क्रमांक टाकला आणि नोंद आज होते आहे हेही स्पष्ट लिहिलं. मागची तारीख घालून, जुन्या शाईसारखं पेन वापरून "नीट करून टाकायचा" सल्ला मला दोघांनी दिला. तसं करू नका. राहिलेली नोंद उशिरा करणं समजावून सांगता येतं. मागची तारीख घातली की ती खोटी नोंद होते. यात कुणी वाद घातला असता तर मात्र प्रकरण आमच्या हातात राहिलं नसतं, रजिस्टर दुरुस्तीसाठी कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जावं लागलं असतं.

मार्च वर्षअखेरीत गेला. एप्रिलमध्ये मी निपाणीला गेले.

आत्यांनी ट्रंकेतून पिशवी काढली, पिशवीतून जरीच्या खणात गुंडाळलेलं सर्टिफिकेट. पाठीमागच्या तक्त्यात त्यांचं नाव, थोरल्या साहेबांची सही, कंपनीचा शिक्का. सगळं जागच्या जागी. मी जरा घाईनं म्हटलं, "आत्या, हे आता आम्हाला द्यावं लागेल, ते रद्द होईल आणि खात्यात जमा होईल."

त्यांनी खण परत गुंडाळायला घेतला. "दादानं भाऊबीजेला ओवाळणी म्हणून घातलेत हे. ताटात. आणि तू म्हणतीस रद्द हुणार. मग माझं काय राहिलं गं?"

चूक माझी होती. ज्यांनी आयुष्यभर कागदालाच मालमत्ता मानलं, त्यांच्यासमोर पहिला शब्द "रद्द" हा काढायचा नसतो. मी बँकेच्या पासबुकाचं उदाहरण दिलं, त्यांना पटलं नाही. शेवटी विचारलं, तुमची एफडीची पावती आहे का? होती. त्यावरच्या रकमेत व्याज मिळवून बँकेनं नवी पावती दिली तेव्हा जुनी परत घेतली होती ना? "घेतली की." तसंच. मग त्यांनी एकच अट घातली: कागद देण्याआधी त्याची रंगीत झेरॉक्स त्यांना हवी. ती मी निपाणीच्या स्टँडसमोर काढून आणून दिली. वीस रुपये. एकोणीस महिन्यांतला सगळ्यात कारणी लागलेला खर्च.

आत्यांचं डिमॅट खातं उघडायला पुढे तीन आठवडे लागले. आधारला नातवाचा जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला, त्यामुळे ओटीपी कुठेच येईना. आधार केंद्रात पन्नास रुपये भरून नंबर बदलून घेतला. सर्टिफिकेटवर आद्याक्षरं आणि पॅनवर पूर्ण नाव, म्हणून दोन्ही व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र. वीस वर्षांपूर्वीची सही आणि आताची थरथरती सही जुळेना, म्हणून बँकेतून सही प्रमाणित करून घेतली. घरात कुणी वयस्कर भागधारक असेल तर पहिलं काम हेच हाती घ्या. बाकी कागद कंपनीच्या हातात असतात, हे त्यांच्या तब्येतीच्या हातात असतं.

एव्हाना आरटीए ठरवला होता आणि त्यांनी पहिलाच प्रश्न काढला: तुमच्या नियमावलीत डिमॅटची तरतूद कुठे आहे? 1987 सालची नियमावली, त्यात कुठून असणार. एकवीस दिवसांची नोटीस देऊन विशेष सभा, विशेष ठराव, मग तो ठराव सरकारला कळवणारा एमजीटी-14 फॉर्म तीस दिवसांच्या आत. जानेवारीतच नियमावली वाचली असती तर हा महिना वाचला असता. दुसरा प्रश्न: भांडवल सुरुवातीपासून आजवर कसं कसं वाढलं त्याचे पुरावे द्या. पोर्टलवर शंभर रुपये भरून कंपनीचे जुने फॉर्म पाहता येतात, पण ऑनलाइन व्यवस्था 2006 ची, त्याआधीचं तिथे नशिबानं मिळतं. आमचे 1994 च्या वाटपाचे कागद लेखापरीक्षकांच्या माळ्यावर निघाले. तिसरा, नेटवर्थचा सीए दाखला. तो एका दिवसात झाला.

जूनअखेर कंपनी, आरटीए आणि डिपॉझिटरी, म्हणजे डिमॅट शेअर जिच्याकडे नोंदलेले राहतात ती संस्था, यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आयएसआयएन आला. `INE` ने सुरू होणारा बारा अक्षरांचा नंबर, आमच्या शेअरची ओळख. साहेबांनी पेढे मागवले. मी म्हटलं थांबा, अजून एकही शेअर डिमॅट झालेला नाही.

इथे एक पैशाची गोष्ट. देशात डिपॉझिटरी दोन आहेत. आमच्या काहींची खाती एकीकडे, काहींची दुसरीकडे, आणि हे मला करार करताना कळलं. त्यामुळे दोन्हीकडे प्रवेश घ्यावा लागला आणि फी दुप्पट झाली. नियमात एक पुरते. भागधारकांना आधीच विचारायचं: तुमचा खाते क्रमांक `IN` ने सुरू होतो की सोळाच्या सोळा आकडे आहेत? पहिला प्रकार एनएसडीएलचा, दुसरा सीडीएसएलचा. आमच्या पंधरापैकी सात जणांची खाती नव्यानेच उघडायची होती, ती सगळी एकीकडे उघडता आली असती. दोन्हीकडची प्रवेश फी, आरटीए, दाखले, मुद्रांक, जीएसटी आणि दोन वर्षांच्या फीची अनामत धरून पहिल्या वर्षी आमचे एक लाख बारा हजार गेले. त्यातले सुमारे तीस हजार माझ्या या चुकीचे.

ऑगस्टमध्ये विनंत्या जायला लागल्या. पद्धत सोपी आहे. भागधारक आपल्या डीपीकडे, म्हणजे जिथे खातं आहे तिथे, डिमॅट विनंती फॉर्म आणि सर्टिफिकेट देतो. डीपी सर्टिफिकेटवर शिक्का मारतो, ऑनलाइन विनंती टाकतो आणि कागद आरटीएकडे पाठवतो. पंधरा दिवसांत होतं, काही आडवं आलं नाही तर. साहेबांचीच विनंती पहिली फेटाळली गेली. सर्टिफिकेटवर नावं आधी साहेब मग वहिनी, आणि डिमॅट खातं आधी वहिनी मग साहेब. नावं तीच, क्रम उलटा. साहेब भडकले, "नवराबायकोत पहिलं कोण, ते आता आरटीए ठरवणार का?" त्यावर वेगळा फॉर्म असतो, ट्रान्सपोझिशनचा. तो विनंतीसोबत जोडला की त्याच खात्यात काम होतं, नवं खातं उघडावं लागत नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाचं सर्टिफिकेट आणि खात्याची माहिती शेजारी शेजारी ठेवून, अक्षर न् अक्षर जुळवूनच कागद पुढे पाठवले. त्यानंतर एकही परत आला नाही.

24 सप्टेंबर 2024 ला चौदा फोलिओ झाले, आत्यांचा धरून. राहिला एक, काकांचा. ते 2019 मध्ये गेले होते, शेअर सहा हजार, नॉमिनी नाही. काकी, मुलगा आणि मुलगी असे तीन वारस, आणि बहीणभावात घरावरून अबोला. काकींच्या नावावर शेअर करायला दोघांची ना हरकत हवी. मुलगा लगेच द्यायला तयार, मुलगी फोनच उचलेना. यात कंपनी सेक्रेटरी काही करू शकत नाही, आणि करूही नये. मी फक्त तिला लेखी कळवत राहिले, दर महिन्याला एक साधं पत्र, कागदांच्या यादीसकट. काकांनी हयातीत एसएच-13 हा एका पानाचा नॉमिनेशन फॉर्म भरून दिला असता तर काकींचं काम एका बैठकीत झालं असतं. बाकी चौदा जणांना मी डिमॅट खात्यात नॉमिनी टाकायला लावलं ते यामुळे.

मुदत संपली. या नियमाला स्वतंत्र दंड नाही, कंपनी कायद्याचं सर्वसाधारण कलम 450 लागतं: दहा हजार, आणि चूक चालू राहिली तर दिवसाला हजार, कंपनीला दोन लाखांपर्यंत आणि जबाबदार अधिकाऱ्याला पन्नास हजारांपर्यंत. जबाबदार अधिकारी म्हणजे मीही, त्यामुळे आकडे पाठ आहेत. आमच्या बाजूनं आयएसआयएन घेतलेला होता, प्रवर्तक आणि संचालक पूर्ण झाले होते, आणि काकांच्या वारसांना पाठवलेल्या पत्रांची फाइल होती. सप्टेंबरअखेरच्या सहामाहीचा पीएएस-6 साठ दिवसांच्या आत, 27 नोव्हेंबरला भरला. हा फॉर्म म्हणजे सहामाही ताळा: डिमॅट किती, कागदी किती, दोन्हींची बेरीज भांडवलाशी जुळते का. त्यावर बाहेरच्या प्रॅक्टिसिंग सीएस किंवा सीएची सही लागते. आमच्या सीएसनी रजिस्टर मागितलं, फोलिओ 15 वर बोट ठेवलं आणि पाच मिनिटं शेरा वाचला. मग म्हणाले, "ठराव दाखवा." दाखवला. सही झाली.

फेब्रुवारी 2025 मध्ये सरकारने मुदत 30 जून 2025 पर्यंत वाढवली. ज्यांनी वेळेत केलं त्यांना असल्या बातम्यांनी होतो तेवढा वैताग मलाही झाला, पण काकांच्या फोलिओमुळे हायसंही वाटलं. मार्चमध्ये मुलीचा फोन आला. पत्रं तिनं सगळी वाचली होती. "तुम्ही एकदाही आईचा निरोप म्हणून काही लिहिलं नाहीत, म्हणून देते," म्हणाली. मृत्यू दाखला, तिघांची प्रतिज्ञापत्रं, ना हरकत, हमीपत्र, बोर्डाचा ठराव. वारसानं आलेल्या शेअरला ट्रान्स्फर फॉर्म लागत नाही आणि त्यावरची स्टॅम्प ड्युटीही नाही. मग काकींचं खातं, आणि 12 जून.

दुसऱ्या दिवशी रजिस्टरच्या शेवटच्या ओळीखाली बेरीज मांडली. 2,40,000. शाईनं.

परवा आत्यांचा फोन आला. डिपॉझिटरीकडून स्टेटमेंट आलंय, नातवानं वाचून दाखवलं, दीड हजार बरोबर आहेत. "पण ह्याचा भाव रोज का बदलंना? शेजारच्या वकिलांचा बदलतोय की." मी सांगितलं, आपली कंपनी बाजारात नाही, म्हणून रोजचा भाव नाही. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बरंच हाय. ओवाळणीचा भाव कुणी करतंय व्हय."